पाठ : साठलेली बदली सुट्टी – तिची नोंद, तिची किंमत आणि तिची मुदत

बँकेतली ठेव, पोस्टातले आवर्ती खाते, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांचा कागद तुमच्याजवळ असतो. पण पगारदार माणसाची एक शिल्लक अशी आहे की जिचे पासबुक कोणीच देत नाही. रविवारी कामावर बोलावले, किंवा पाळी संपल्यावर दोन तास थांबवून घेतले, आणि साहेब म्हणाले, "पैसे नाहीत, पण नंतर एक सुट्टी घे." हीच ती शिल्लक. कोणी तिला बदली सुट्टी म्हणतात, कोणी कॉम्प ऑफ, तर काही कारखान्यांत नुसते सी-ऑफ.

तीन-चार महिन्यांनी तुम्ही ती सुट्टी मागायला जाता, तेव्हा उत्तर मिळते, "ती तर लॅप्स झाली." या पाठात तीन गोष्टी पाहायच्या आहेत : ही सुट्टी नेमकी कशाबद्दल मिळते, तिची रुपयांत किंमत किती, आणि तिची मुदत कोणावर बंधनकारक आहे.

१. दोन वेगळे हिशोब

"जास्त काम केले" या एका वाक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या करा.

पहिली गोष्ट म्हणजे गेलेली साप्ताहिक सुट्टी. आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांतीचा, हा कायद्याचा नियम आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशी तरतूद होती की ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी काम करवून घ्यायचे असेल, तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची. अशी अदलाबदल झाली तर काही साठत नाही. रविवारऐवजी बुधवारी सुट्टी मिळाली, हिशोब मिटला. पण कारखान्याला साप्ताहिक सुट्टीच्या नियमातून सूट मिळालेली असेल आणि त्यामुळे तुमची सुट्टी बुडाली, तर जितक्या सुट्ट्या बुडाल्या तितक्याच बदली सुट्ट्या द्याव्या लागतात. कायद्यातली खरी बदली सुट्टी ती हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे जादा तास, म्हणजे ओव्हरटाइम किंवा ओटी. कारखान्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे. त्यापुढच्या कामाचा मोबदला कायदा सुट्टीत सांगत नाही, पैशात सांगतो, आणि तोही नेहमीच्या दराच्या दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दुप्पट दर कायम आहे, आणि जादा कामासाठी कामगाराची संमती हवी असेही म्हटले आहे.

रविवारी काम केले आणि त्या आठवड्याचे एकूण तासही ४८ च्या वर गेले, तर दोन्ही प्रश्न उभे राहतात. कायद्यात दोन्हींची कलमे वेगळी आहेत. म्हणून वहीतही दोन वेगळे रकाने करा : एकात बुडालेले सुट्टीचे दिवस, दुसऱ्यात जादा तास. दोन्ही एकाच "सी-ऑफ" नावाखाली टाकले की पुढे काहीच सापडत नाही.

२. तासाला तास हा सौदा निम्म्याचा आहे

समजा, बडोद्यात राहणारी एक ताई औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात काम करते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून तिला महिना २०,८०० रुपये मिळतात. कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाचे ८०० रुपये झाले, आणि आठ तासांच्या पाळीला तासाचे १०० रुपये.

मार्च २०२६ मध्ये १७ ते २० तारखेपर्यंत, म्हणजे मंगळवार ते शुक्रवार, तिला रोज दोन तास थांबवून घेतले. तिचे नेहमीचे तास सोमवार ते शनिवार मिळून ४८. त्यात हे आठ मिळवले की त्या आठवड्याचे ५६ तास झाले. जादा तास आठ. दुप्पट दराने तिचे येणे होते ८ × २०० = १,६०० रुपये.

पर्यवेक्षक म्हणतो, "आठ तास म्हणजे एक दिवस. एक सी-ऑफ घे." ऐकायला बरोबर वाटते. पण एका भरपगारी दिवसाची किंमत आहे ८०० रुपये. उरलेले ८०० रुपये या वाक्यात कुठे गेले ते कोणी सांगत नाही. पैशाच्या जागी सुट्टीच घ्यायची असेल, तर दुप्पट दराशी बरोबरी व्हायला आठ तासांबद्दल दोन दिवस हवेत. दर महिन्याला असे आठ तास निम्म्या भावात गेले, तर वर्षाला ९,६०० रुपये कमी पडतात. आणि ती एक सुट्टीही "लॅप्स" झाली, तर पूर्ण १,६०० रुपये गेले.

म्हणून ओटीऐवजी सुट्टी घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. माझ्या कामाला दुप्पट मजुरीचा नियम लागू आहे का? असेल, तर ती मजुरी पगारपत्रकावर का दिसत नाही? तोंडी "सुट्टी घे" म्हटल्याने मजुरीचा हक्क संपत नाही.

तुम्ही रोजंदारीवर असाल तर आणखी एक प्रश्न विचारा : ही सुट्टी भरपगारी आहे का? मासिक पगार घेणाऱ्याने बदली सुट्टी घेतली तर पगार कापला जात नाही, म्हणून तिची किंमत एका दिवसाच्या पगाराइतकी असते. रोजंदारीवाल्याला त्या दिवसाची मजुरी मिळणार नसेल, तर त्याच्या हातात फक्त विश्रांती पडते. विश्रांतीही हक्काचीच आहे, पण तिला रुपयांत धरू नका.

३. मुदत कोणावर आहे?

हा या पाठाचा मुख्य भाग आहे, म्हणून सावकाश वाचा.

कायद्यात बदली सुट्टीला मुदत आहे. १९४८ च्या कायद्यात होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच आहे : ज्या महिन्यात साप्ताहिक सुट्टी बुडाली त्या महिन्यात, किंवा त्यानंतरच्या लगतच्या दोन महिन्यांत बदली सुट्टी दिली गेली पाहिजे. जानेवारीत बुडालेली सुट्टी ३१ मार्चपर्यंत आणि फेब्रुवारीतली ३० एप्रिलपर्यंत. महिन्याच्या १ तारखेला बुडाली काय किंवा २८ तारखेला बुडाली काय, शेवटचा दिवस एकच असतो, कारण मोजणी महिन्यांची आहे, दिवसांची नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही साप्ताहिक सुट्टी नाकारली गेली तर बदली रजा दोन महिन्यांच्या आत द्यायची असे आहे. इतर राज्यांतल्या दुकानांसाठी त्या त्या राज्याचा कायदा पाहावा लागतो.

आता या वाक्याचा कर्ता कोण ते पाहा. "सुट्टी दिली गेली पाहिजे." देणारा कोण? मालक. म्हणजे ही मुदत मालकाने पाळायची आहे. माणूस महिनोन्‌महिने विश्रांतीशिवाय राबू नये यासाठी ती घातलेली आहे. "कामगाराने या तारखेपर्यंत मागितली नाही तर ती बुडाली" असे तिथे लिहिलेले नाही. वीजबिलाची शेवटची तारीख उलटली म्हणून बिल माफ होत नाही, तसेच हे आहे. देणेकऱ्याची तारीख चुकली म्हणून देणे मिटत नाही.

अनेक कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत मात्र ३०, ६० किंवा ९० दिवसांत कॉम्प ऑफ आपोआप रद्द होतो असे लिहिलेले असते. ज्या सुट्टीला कायद्याचा आधार आहे तिच्याबाबतीत असा नियम कायद्याहून कमी देऊ शकत नाही. पण काही माणसांना हे संरक्षण मिळत नाही, हेही स्पष्ट ठेवा. व्यवस्थापक, ठरावीक पगारावरचे पर्यवेक्षक, अधिकारी असे जे "कामगार" या व्याख्येत बसत नाहीत, त्यांची कॉम्प ऑफ बहुधा केवळ कंपनीच्या धोरणातून आलेली असते. तिथे धोरणात लिहिलेली मुदतच चालते, म्हणून त्यांनी ती पहिल्याच दिवशी वाचून ठेवावी. सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या विभागाचे नियम असतात.

मग मुदत असूच नये का? असावी, आणि ती लांब नसावी. साठलेली सुट्टी म्हणजे तुम्ही मालकाला बिनव्याजी, बिनतारण दिलेले कर्ज आहे. वीस दिवस साठवून ठेवले आणि कारखाना बंद पडला, तर ते वसूल करणे अवघड जाते. शिवाय जानेवारीतला थकवा डिसेंबरमधल्या सुट्टीने जात नाही. योग्य मुदत अशी की दोन-तीन महिन्यांत सुट्टी मिळावी, आणि मालकाच्या कामामुळे ती देता आली नाही तर ती रद्द न होता तिचे पैसे पुढच्या पगारात यावेत. तुमच्या कामगार संघटनेचा करार होणार असेल, तर हे एक वाक्य त्यात घालून घ्या.

४. वही कशी ठेवावी

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक बुडालेल्या सुट्टीला एक ओळ आणि सहा रकाने :

क्रमांक – काम केल्याची तारीख व वार – कोणी सांगितले – पुरावा – शेवटची तारीख – सुट्टी घेतल्याची तारीख

"पुरावा" या रकान्यात हजेरी यंत्राची नोंद, पाळीचा तक्ता, मोबाइलवर आलेला निरोप, किंवा त्या दिवशी सही केलेल्या गेट रजिस्टरचा उल्लेख करावा. मोबाइलवरचा निरोप पुसला जाऊ शकतो, म्हणून त्याचे छायाचित्र काढून घरच्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. नोंद त्याच दिवशी करा. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीवर तुमचाही विश्वास बसत नाही, मग दुसऱ्याचा कसा बसेल?

आता आपल्या ताईची वही पाहू. २०२६ च्या पहिल्या तीन महिन्यांत तिने चार रविवार काम केले. तिच्या कारखान्याचा अंतर्गत नियम ६० दिवसांचा आहे.

क्र. १ – ११ जानेवारी. कंपनीच्या हिशोबाने १२ मार्चला रद्द. कायद्याने ३१ मार्चपर्यंत द्यायची.
क्र. २ – २५ जानेवारी. कंपनीच्या हिशोबाने २६ मार्चला रद्द. कायद्याने ३१ मार्च.
क्र. ३ – १५ फेब्रुवारी. कंपनीच्या हिशोबाने १६ एप्रिलला रद्द. कायद्याने ३० एप्रिल.
क्र. ४ – ८ मार्च. कंपनीच्या हिशोबाने ७ मेला रद्द. कायद्याने ३१ मे.

दोन तारखा शेजारी लिहिल्या की एक गोष्ट लगेच दिसते. मालकाची देण्याची मुदत अजून संपलेली नसताना कंपनीच्या संगणकातून सुट्टी गायब होते. मागणी करताना मात्र नेहमी अलीकडची तारीख धरा. हक्क ३१ मार्चपर्यंत आहे म्हणून ३० मार्चपर्यंत थांबू नका. १२ मार्चच्या आत मागितलेली सुट्टी वादाशिवाय मिळते.

५. कोणती सुट्टी आधी वापरली?

ताईने शुक्रवारी २० फेब्रुवारीला एक बदली सुट्टी घेतली. तोपर्यंत तिच्या खात्यात तीन होत्या. या दिवशी त्यांतली कोणती संपली?

तिच्या वहीप्रमाणे सर्वांत जुनी, म्हणजे ११ जानेवारीची. कारखान्याच्या कार्यालयाने मात्र ती सर्वांत नवीन, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या सुट्टीसमोर मांडली. संख्या दोन्हीकडे तीच : तीनमधून एक गेली, दोन उरल्या. म्हणून कोणाला काही खटकले नाही. पण १२ मार्च उजाडताच कार्यालयाच्या नोंदीत ११ जानेवारीची सुट्टी "मुदतबाह्य" झाली. सुट्टी वेळेवर घेऊनही तिचा एक दिवस, म्हणजे ८०० रुपये, नुसत्या मांडणीमुळे गेला.

यावर उपाय सोपा आहे. सुट्टीचा अर्ज करताना कोणत्या दिवसाबद्दल ती मागता ते लिहा : "दि. ११ जानेवारी २०२६ रोजी रविवारी केलेल्या कामाबद्दलची बदली सुट्टी दि. २० फेब्रुवारी २०२६ रोजी मिळावी." अर्जात तारीख असली की ती दुसऱ्या दिवसासमोर मांडता येत नाही. नेहमी जुनी आधी वापरा, घरातले धान्य वापरतो तसे.

ताईने हे मार्चमध्ये केले. १० मार्चला तिने २५ जानेवारीच्या बदल्यात २३ मार्चची सुट्टी लेखी मागितली. माल पाठवायचा आहे म्हणून नकार आला. तिने वहीत "मागितली १० मार्च, नाकारली, कारण माल पाठवणे" असे लिहिले आणि त्याच दिवशी कार्यालयाला कळवले की काम अडत असेल तर महिनाअखेरीपर्यंत दुसरा दिवस द्यावा. तिला ३० मार्चचा सोमवार मिळाला. कंपनीच्या मोजणीने ही सुट्टी २६ तारखेलाच रद्द व्हायची होती. पण मागणी मुदतीत होती आणि नकार कंपनीचा होता, हे कागदावर होते. लेखी नकार हा मुदतीच्या वादातला सर्वांत उपयोगी कागद आहे.

६. तीन महिन्यांनी ताळा

वही बरोबर आहे का ते तपासायला कोणाच्या संगणकाची गरज नाही. कॅलेंडर घ्या. जानेवारी ते मार्च २०२६ मध्ये रविवार आले १३. ताईने त्यांपैकी चार दिवस काम केले, म्हणजे रविवारची विश्रांती मिळाली ९ दिवस. बदली सुट्ट्या मिळाल्या २. एकूण ११. तेरातून अकरा गेले, उरले दोन. वहीत १५ फेब्रुवारी आणि ८ मार्च या दोन ओळी उघड्या आहेत. ताळा जुळला.

ताळा जुळला नाही तर बहुधा दोन कारणे सापडतात. एक, बदली सुट्टी अशा दिवशी दाखवलेली असते की जो दिवस सगळ्यांनाच सुट्टीचा होता, उदाहरणार्थ सणाची पगारी सुट्टी. तुम्हाला जादा दिवस मिळालाच नाही, पण नोंद मिटली. दोन, आजारपणाच्या रजेचा दिवस न विचारता बदली सुट्टीतून वळता केलेला असतो. म्हणून पगारपत्रकावरच्या रजेच्या रकान्याशी वही दर महिन्याला पडताळा. तीन महिन्यांनी चूक काढणे जड जाते.

७. नोकरी सोडताना

राजीनामा देण्यापूर्वी वही काढा आणि उघड्या ओळी मोजा. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत असे आहे की कामावरून कमी करण्यापूर्वी बदली सुट्ट्या दिल्या गेल्या पाहिजेत आणि त्या नोटिशीच्या काळात धरायच्या नाहीत. राजीनाम्याच्या पत्रातच त्यांचा तारखांसह उल्लेख करा, म्हणजे अंतिम हिशोबात त्या येतील. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते.

वेतन मिळाले नाही तर आधी कार्यालयाला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या, मग संघटनेकडे जा, आणि त्यानंतर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ही मुदत मात्र तुमच्यावर आहे. बदली सुट्टी देण्याची तारीख मालकाची, दावा करण्याची तारीख तुमची. या दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

स्वतः करून पहा

१. गेल्या तीन महिन्यांचे कॅलेंडर घ्या. साप्ताहिक सुट्ट्या किती आल्या, प्रत्यक्ष किती मिळाल्या, बदली सुट्ट्या किती घेतल्या? बाकी काढा.

२. एका कामगाराची सुट्टी २६ एप्रिल २०२६ च्या रविवारी बुडाली. कायद्याप्रमाणे ती कोणत्या तारखेपर्यंत दिली गेली पाहिजे? (उत्तर : ३० जून २०२६.)

३. तुमच्या एका दिवसाची किंमत काढा : मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६. तिला उघड्या ओळींच्या संख्येने गुणा. आलेली रक्कम तुमच्या बचतीच्या वहीत "येणे" या मथळ्याखाली लिहा.